प्रतिसाद: जिभेच्या कडेचा पांढरा चट्टा

«दात साफ करायला गेलो, तर डॉक्टरांनी जिभेची कड पाहून एचआयव्ही तपासणी सुचवली. नुसत्या पांढऱ्या चट्ट्यावरून?»

नुसत्या रंगावरून नाही. दंतवैद्य जिभेचं टोक गॉजमध्ये धरून ती बाजूला ओढतात, तेव्हा आरशात सहसा न दिसणारी मागची कड दिसते. मग चट्टा गॉजने हलकेच पुसून पाहतात.

दह्याच्या कवडीसारखा थर निघून खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली जागा दिसली, तर बहुधा कॅन्डिडा बुरशी. पण एचआयव्हीखेरीज मधुमेह, दम्याचा स्टिरॉइड पंप, नुकती घेतलेली अँटिबायोटिक्स यांनीही ती होते, म्हणून हे आधी विचारायलाच हवं.

थर निघालाच नाही आणि कडेवर उभ्या, केसाळ वाटणाऱ्या वळ्या असल्या, तर हेअरी ल्युकोप्लाकियाची शंका येते. तो एप्स्टाईन-बार विषाणूमुळे होतो. दुखत नाही, त्यामुळे रुग्णाला पत्ताच नसतो. प्रतिकारशक्ती घटल्याची ही खूण असते. एचआयव्ही असेल, तर सीडी४ या संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी अनेकदा रक्ताच्या घन मिलिमीटरमागे २०० च्या खाली गेलेल्या असतात.

गफलत इथे होते: मिश्री-तंबाखूचा चट्टाही पुसला जात नाही आणि तुटक्या दाताच्या घर्षणानेही कड पांढरी पडते. टोकदार दात घासून दोन आठवड्यांनीही चट्टा तसाच राहिला, तर बायोप्सी हवी.

एचआयव्हीचं निदान मात्र रक्ताच्या चाचणीनेच होतं. पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती मोफत, तुमच्या संमतीने आणि गोपनीय होते. जाऊन याच.