मदत हवी आहे: रुग्णालयाचे सात पी आणि डिस्चार्जला लागणारे साडेसात तास

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या ४० खाटांच्या खाजगी रुग्णालयात मी गेली तीन वर्षे प्रशासन पाहते. आमच्या तिघा भागीदार डॉक्टरांनी पुढील वर्षासाठी सात पींनुसार, म्हणजे उत्पादन, किंमत, स्थान, प्रसिद्धी, माणसे, कार्यपद्धती आणि भौतिक पुरावा या घटकांनुसार, विपणनाचा आराखडा मागितला असून त्यासाठी सहा लाख रुपये ठेवले आहेत. त्यातील बहुतेक रक्कम महामार्गावरील दोन फलक आणि दर्शनी भागाचे नूतनीकरण यांवर खर्च व्हावी, अशी त्यांची इच्छा आहे.

अडचण अशी की, तक्रारवहीत उपचारांबद्दल किंवा सिस्टरांच्या वागण्याबद्दल फारसे काही नाही. बहुतेक तक्रारी घरी जाण्याच्या दिवसाच्या आहेत. म्हणून मी एक आठवडा वही घेऊन बसले आणि प्रत्येक डिस्चार्जच्या वेळा नोंदवल्या. त्यातला पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाचा दिवस देते. सकाळी १०.२० ला राउंडमध्ये डॉक्टर ‘आता घरी जा’ म्हणाले. आरएमओ म्हणजे आमचे निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकल्याने डिस्चार्ज समरी १२.५० ला तयार झाली. उरलेली औषधे १.२५ ला मेडिकलमध्ये परत गेली, पण त्यांची वजावट बिलिंगला २.१० ला मिळाली. बिल २.५० ला झाले आणि ३.०५ ला विमा कंपनीकडे गेले. ४.१५ ला त्यांची क्वेरी आली, कारण शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत जोडायची राहिली होती. ४.४० ला आम्ही ती पाठवली, ५.३५ ला मंजुरी आली आणि ५.५० ला रुग्ण बाहेर पडला. त्यातच शेवटच्या क्षणी त्यांना २०,५०० रुपये स्वतः भरावे लागतील असे कळले. सकाळी डॉक्टरांचे हात हातात घेऊन आभार मानणारा हा गृहस्थ संध्याकाळी काउंटरवर कोणाशी न बोलता निघून गेला.

माझे प्रश्न दोन आहेत. हा विलंब आराखड्यात ‘कार्यपद्धती’खाली मांडावा की ‘माणसे’ या पीखाली? आणि फलकांचा पैसा इकडे वळवावा, हे डॉक्टरांना कसे पटवावे?

---

विपणन_विद्यार्थी

ताई, आपल्या प्रकल्पासाठी शुभेच्छा. परीक्षेत सातही पींना सारखी जागा द्यावी लागते, त्यामुळे एकाच पीवर इतके लिहू नका. आमच्या सरांनी रुग्णालयाच्या उदाहरणात भौतिक पुरावा म्हणजे स्वच्छ लॉबी, गणवेश आणि फलक असे लिहायला सांगितले होते.

---

कृष्णाकाठ

हा परीक्षेचा प्रकल्प नाही, चालू रुग्णालय आहे. तरी आभार.

---

कोपऱ्यातला_वाचक

वेळेचा प्रश्न सोपा आहे. विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. उशीर झाला तर त्यामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च कंपनीने सोसायचा असतो. ते परिपत्रक छापून काउंटरवर लावा आणि कंपनीविरुद्ध तक्रार करा.

---

आडगावचा_बिलिंगवाला

परिपत्रकाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, पण घड्याळ कुठून सुरू होते ते पाहा. डॉक्टर ‘घरी जा’ म्हणाले तेव्हा तीन तास सुरू होत नाहीत. रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोहोचते तेव्हा सुरू होतात. ताईंच्या नोंदीत कंपनीकडे फाईल आधी ७० मिनिटे आणि क्वेरीनंतर ५५ मिनिटे, म्हणजे एकूण १२५ मिनिटे होती. कंपनी मुदतीच्या आतच होती. उरलेली ३२५ मिनिटे रुग्णालयाची आहेत.

मी एकवीस वर्षे रुग्णालयांच्या बिलिंग विभागात काढली आहेत. समरी टाइप करायला २० मिनिटे, औषधे मोजून परत करायला १०, बिलाला २५ आणि कागद चढवायला १५ अशी हाताची कामे धरली, तर ७० मिनिटांच्या वर जात नाहीत. राहिलेल्या चार तासांहून अधिक काळात रुग्णासाठी कोणीही काही करत नव्हते. फाईल कोणाच्या तरी टेबलावर पडून होती. त्यामुळे ‘माणसे’ की ‘कार्यपद्धती’ या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच वहीत आहे. बिलिंगच्या मुलीला कितीही हसतमुख राहायला शिकवले, तरी वजावटीची चिठ्ठी २.१० ला येणार असेल तर ती २.१० च्या आधी बिल करू शकत नाही. ‘माणसे’ खाली टाकलेत, तर डॉक्टर प्रशिक्षण शिबिर घेतील आणि विषय संपवतील.

उपाय नवा नाही. उद्या कोण घरी जाणार, हे नेहमीच्या शस्त्रक्रियांमध्ये आदल्या संध्याकाळी ठाऊक असते. त्या राउंडला ‘संभाव्य डिस्चार्ज’ची यादी करावी, रात्रपाळीच्या आरएमओने समरीचा कच्चा मसुदा लिहावा, रात्री अकरापर्यंत उरलेली औषधे परत जावीत आणि बिल तोवरच्या तारखेपर्यंत बंद करून ठेवावे. सकाळी फक्त शेवटच्या दिवसाची भर आणि डॉक्टरांची सही राहते. शस्त्रक्रियेची नोंद, तपासण्यांचे अहवाल, शरीरात काही बसवले असल्यास त्याचा स्टिकर आणि पावती यांची तपासयादी फाईलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवावी. पुष्कळशा क्वेऱ्या यांपैकीच काहीतरी राहिल्याने येतात.

यात एक धोका आहे. रात्री लिहिलेली समरी सकाळी न वाचता सही झाली, तर बदललेले औषध जुन्याच नावाने घरी जाते. मी हे घडताना पाहिले आहे. सकाळच्या राउंडला मसुदा डॉक्टरांच्या हातात द्यावा आणि औषधांची ओळ त्यांनी स्वतः वाचल्याशिवाय पुढे सरकू देऊ नये.

---

पारिजातक

माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी एका मोठ्या शहरातील रुग्णालयात आम्हाला असेच दुपारभर बसवून ठेवले होते. त्यापेक्षा घरी आल्यावरचा प्रसंग जास्त लक्षात आहे. कार्डावर दोन थेंबांची नावे आणि पुढे ‘१-०-१’ एवढेच होते. कोणता थेंब आधी आणि दोन थेंबांत किती वेळ सोडायचा, हे कुठेच नव्हते. रात्री नऊ वाजता वॉर्डात फोन केला, तर सिस्टर बदललेल्या होत्या. हा प्रश्न तुमच्या धाग्यात बसतो की नाही, ठाऊक नाही.

---

आडगावचा_बिलिंगवाला

पारिजातक, तो नेमका बसतो. १९८१ मध्ये बूम्स आणि बिट्नर यांनी मॅकार्थीच्या चार पींना माणसे, कार्यपद्धती आणि भौतिक पुरावा हे तीन पी जोडले, ते सेवेची पारख वस्तूसारखी आधी करता येत नाही म्हणून. पित्ताशय किती सफाईने काढले, हे रुग्णाला कळायला मार्ग नाही. मग तो जे पाहू शकतो त्यावरून मत बनवतो, आणि त्यातले घरी नेले जाणारे काय, तर बिल आणि डिस्चार्ज कार्ड. संगमरवरी लॉबी नातेवाईक दोन दिवस पाहतात. कार्ड फ्रिजवर महिनाभर असते आणि शेजारीही वाचतात. मराठीत, मोठ्या अक्षरात, ‘सकाळी न्याहारीनंतर एक गोळी’ असे लिहिलेले कार्ड हा माझ्या मते भौतिक पुराव्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

ताई, त्या २०,५०० रुपयांचा हिशेब मिळेल का? खोलीभाड्याच्या मर्यादेचे प्रकरण वाटते.

---

कृष्णाकाठ

तेच आहे. त्यांचा विमा तीन लाखांचा होता आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. त्यांनी ४,५०० ची खोली तीन दिवस घेतली. एकूण बिल ९०,००० झाले. खोलीचे १३,५०० पैकी कंपनीने ९,००० दिले. शस्त्रक्रिया, भूल, थिएटर आणि नर्सिंग मिळून ४८,००० होते, खोलीच्याच प्रमाणात त्यांचेही दोन तृतीयांश म्हणजे ३२,००० च मंजूर झाले. औषधे आणि तपासण्यांचे २८,५०० पूर्ण मिळाले. रुग्णाच्या डोक्यात मात्र फक्त खोलीतला फरक, म्हणजे ४,५०० होते.

---

आडगावचा_बिलिंगवाला

म्हणजे ही ‘किंमत’ तीन दिवसांपूर्वी भरतीच्या काउंटरवर ठरली आणि सांगितली गेली शेवटच्या संध्याकाळी. भरतीच्या वेळी पॉलिसी पाहून ‘ही खोली घेतलीत, तर साधारण वीस हजार तुमच्याकडून जातील’ एवढे वाक्य बोलले गेले असते, तर ते गृहस्थ कदाचित साधी खोली घेते झाले असते, किंवा निदान तयार राहिले असते. माणसांचे प्रशिक्षण इथे खरोखर लागते.

एक गोष्ट तपासा. खोलीच्या वर्गानुसार शस्त्रक्रियेचे आणि इतर शुल्क बदलत नसेल, तर त्या रकमांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. तुमच्याकडे दर वेगळे आहेत का?

---

कृष्णाकाठ

आहेत. विशेष खोलीत शस्त्रक्रियेचे शुल्क जास्त आहे. ते एकसमान करा असे मी सुचवले होते. आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांना ते उत्पन्न सोडणे मान्य नाही.

---

दस्तऐवज

फलकांबद्दल कोणी बोललेले नाही म्हणून लिहितो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्णांना थेट किंवा आडून आकर्षित करणे अनुचित मानले आहे, आणि ते वैयक्तिक डॉक्टरांबरोबर संस्थांनाही लागू केले आहे. नव्या विभागाची सुरुवात किंवा पत्त्यातील बदल कळवणे चालते. ‘जिल्ह्यातील सर्वोत्तम’ चालत नाही. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना कट देणे तर त्याच नियमांत स्पष्टपणे निषिद्ध आहे. प्रसिद्धीवर सहा लाख खर्च करण्याआधी फलकाचा मजकूर वकिलांना दाखवा. मात्र मोठी रुग्णालये सर्रास जाहिराती करतात, हेही खरे, आणि तुमचे डॉक्टर तेच उदाहरण देतील.

---

कृष्णाकाठ

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. डॉक्टरांपुढे आराखड्याऐवजी तो एकच दिवस ठेवला: ४५० मिनिटे आणि त्यातील हाताची ७०. एक फलक रद्द झाला. त्या पैशातून रात्रपाळीला अर्धवेळ टंकलेखक आणि मराठी कार्डांची छपाई मंजूर झाली. गेल्या आठवड्यात संभाव्य यादीतील नऊ रुग्णांपैकी सात जण दुपारी दोनच्या आत घरी गेले.

उरलेले दोघे अस्थिरोगाचे होते. ते तज्ज्ञ मिरजेहून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येतात, आणि त्यांच्या सहीशिवाय समरी अंतिम होत नाही. त्यांनी मसुदा मोबाइलवर पाहून मंजुरी द्यावी असे सुचवले, तर ‘रुग्णाला पाहिल्याशिवाय सोडणार नाही’ असे उत्तर आले, आणि त्यात चूक काही नाही. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या डिस्चार्जची व्यवस्था कोणी बसवली असल्यास कृपया सांगावे.