मदत हवी आहे: सप्लायर स्कोअरकार्डचे आकडे उलटे येताहेत

रेखा_चाकण: सोमवारी परचेस मॅनेजरांना तिमाही स्कोअरकार्ड द्यायचंय. ज्या कास्टिंगवाल्यामुळे आमची लाइन थांबते तो ९६ टक्के वेळेवर दिसतोय. बुशवाला कधीच उशीर करत नाही, तो ५८ वर! फॉर्म्युला बरोबर आहे. काय चुकतंय?

एक्सेलप्रेमी: तारखा टेक्स्ट म्हणून आल्या असतील. `=ISNUMBER(C2)` लावून बघा.

रेखा_चाकण: बघितलं, सगळीकडे TRUE येतंय.

जुना_परचेसवाला: कुठली तारीख कुठल्या तारखेशी जुळवताय, ते तर सांगा.

रेखा_चाकण: SAP मधली पीओची डिलिव्हरी तारीख आणि जीआरएनची पोस्टिंग तारीख. सगळे हेच घेतात ना?

मशीनशॉप_मालक: आम्हा सप्लायरांना मार्क देता, पण पेमेंट ९० दिवसांनी करता त्याचे मार्क कोण देणार? छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे.

जुना_परचेसवाला: मालक, मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. रेखाताई, जीआरएन इन्स्पेक्शननंतर पडत असेल, तर तुमच्या क्वालिटीचा उशीर बुशवाल्याच्या नावावर चढतो. गेट एंट्रीची तारीख घ्या. कास्टिंगचं उलट असणार. उशीर होणार असं कळलं की बायर पीओची तारीख पुढे ढकलतो आणि माल 'वेळेवर' येतो. पीओच्या शेड्यूलमध्ये `Stat. Del. Date` असते. कोणी मुद्दाम बदलली नाही तर मूळ तारीख तिथे टिकते. तिच्याशी जुळवा.

रेखा_चाकण: अगदी तेच निघालं! बुश १२ तारखेला हवे होते, गाडी ११ ला गेटवर आली आणि जीआरएन १५ ला पडला. कास्टिंगचे ५०० नग मूळ ५ तारखेचे. पीओत १९ केली आणि माल १८ ला आला.

एक्सेलप्रेमी: पण सरसकट मूळ तारीख धरू नका. ड्रॉइंग आपण बदललं किंवा शेड्यूल आपल्या प्लॅनिंगने पुढे नेलं, तर त्यात सप्लायरचा काय दोष?

जुना_परचेसवाला: मान्य. आपल्या कारणाने तारीख हलली तर दोन्ही तारखा बदलायच्या आणि कारण लिहून ठेवायचं.

मशीनशॉप_मालक: कारण लिहिणार बायरच ना? तो स्वतःची चूक कशाला लिहील?

रेखा_चाकण: ते मॅनेजरांपुढे मांडते. आता रिजेक्शन. मार्चमध्ये आलेल्या लॉटचे २० नग एप्रिलमध्ये असेंब्लीवर रिजेक्ट झाले. कुठल्या तिमाहीत धरू?

जुना_परचेसवाला: सापडले त्या तिमाहीत. नाहीतर दिलेला रिपोर्ट मागे जाऊन बदलत बसाल.

एक्सेलप्रेमी: मग एप्रिल ते जूनमध्ये त्याच्याकडून ४०० च नग आले तर पीपीएम ५०,००० दिसेल. सुधारलेला सप्लायर विनाकारण लाल रंगात जाईल. लॉट नंबर आहे तर मूळ तिमाहीलाच लावा.

जुना_परचेसवाला: असेंब्लीवर लॉट नंबर टिकतो का, ते आधी विचारा त्यांना.

रेखा_चाकण: कास्टिंगवर हीट नंबर असतो. बुशवर काहीच नसतं.