शब्दचर्चा: पासबुकात ‘जमा’ तर वहीत ‘नावे’? (कथेतला एक परिच्छेद अडलाय)

अर्धीओळ: एक छोटी कथा लिहितेय. दुकानदाराची मुलगी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलीये, अण्णांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ती पासबुक आणि अण्णांची खतावणी शेजारी शेजारी घेऊन बसते आणि दोन्हीतली शिल्लक जुळत नाही. पासबुकात 46,930 आणि वहीत बँकेच्या पानावर 43,348, म्हणजे 3,582 चा फरक. शेवटचा परिच्छेद असा आहे:

“तिचं बोट 1,850 वर थांबलं. पासबुकात ही रक्कम जमा होती. अण्णांच्या वहीत नावे. म्हणजे अण्णांनी उलट लिहिलं होतं! ‘अण्णा, सापडली चूक,’ ती ओरडली.”

मला विचारायचंय ते फक्त शब्दांचं. ‘नावे’ एकटंच चालेल का ‘नावे टाकलेली’ म्हणायला हवं? आणि कथेचं नाव ‘तूट’ ठेवलंय, ते बरोबर आहे ना?

खुळखुळा: नावे टाकणे हेच बरोबर, आमच्याकडे तसंच म्हणतात. बाकी सोपंय, जमा म्हणजे आलेले, नावे म्हणजे गेलेले. अण्णांनी आलेले पैसे गेलेले म्हणून लिहिले, चूक सापडली, कथा संपली. मस्त आहे.

जुनीकीर्द: थांबा थांबा. परिच्छेद छान आहे पण त्यात चूक अण्णांची नाहीये, मुलीची आहे. पासबुकात जमा आणि वहीत बँकेच्या पानावर नावे, हे अगदी बरोबर आहे हो, तसंच असायला पाहिजे. दोन्हीकडे जमा असतं तर घोळ म्हटला असता. मी पंचवीस वर्षं दुकानांच्या वह्या लिहिल्यात, नवीन पोरं पहिल्या आठवड्यात हमखास इथेच अडकतात.

खुळखुळा: कसं काय? पैसे खात्यात आले ना? मग जमाच.

जुनीकीर्द: कुणाच्या वहीत आले ते बघा. नावे हा शब्द एकटा नसतोच, ‘कुणाच्या नावे’ हे धरूनच तो वाचायचा. गिऱ्हाईक सामान घेतं आणि म्हणतं “मांडून ठेवा”, तेव्हा आपण त्याच्या पानावर त्याच्या नावे रक्कम मांडतो, म्हणजे तो आपलं देणं लागतो. नंतर तो पैसे आणून देतो ते त्याच्या पानावर जमा करतो. आता बँकेचं पण आपल्या वहीत असंच एक पान असतं, गिऱ्हाइकासारखं. आपण गल्ल्यातले पैसे बँकेत भरले की बँक आपलं देणं लागते, म्हणून बँकेच्या नावे. आणि बँकेच्या वहीत आपलं पान असतं, आपण पैसे आणून दिले म्हणून आपल्या पानावर जमा. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या आपल्या पानाची नक्कल, दुसरं काही नाही. एकच रक्कम, दोन टोकांनी बघितलेली.

अर्धीओळ: अरे देवा. म्हणजे माझ्या कथेचा शेवटच चुकलाय 😅 मी तर शब्दापुरतं विचारायला आले होते.

दुपारचाचहा: मला वाटतं हा सगळा गोंधळ ‘जमेची बाजू’ मुळे झालाय. आपण बोलताना जमेची बाजू म्हणजे चांगली बाजू म्हणतो, मग डोक्यात जमा = प्लस असं पक्कं बसतं. वहीत तसं नसतं. ‘जमेस धरणे’ मधे पण तसं चांगलं-वाईट काही नाही, नुसतं हिशोबात घेणे. मुळात जमा अरबीतून आलेला शब्द, गोळा होणे, एकत्र येणे. लोक जमले मधला जमणे पण त्याच्याच घरातला असावा असं मला आपलं वाटतं, जाणकारांनी सांगावं.

पेनगळतंय: आमच्या दुकानात पण असंच झालेलं, फरक येत होता आणि दोन दिवस सगळे हैराण, शेवटी कळलं की एका व्यापाऱ्याला दिलेला चेक त्याने भरलाच नव्हता, ड्रॉवरमधे पडून होता त्याच्या. चेक वटला नाही की असंच होतं. तुमच्या कथेत तसंच दाखवा की.

जुनीकीर्द: ते वेगळं. दिलेला चेक वटला नसेल तर ती रक्कम वहीत असते आणि पासबुकात नसते, टिका मारत गेलं की ती ओळ उघडी राहते, लगेच दिसते. त्यात अण्णांची चूक पण नाही, चेक वटला की फरक आपोआप जातो. शिवाय कथेत मजा नाही.

खुळखुळा: 3,582 ला 9 ने पूर्ण भाग जातो!! 398. हिशोबात फरकाला 9 ने भाग गेला की आकडे उलटसुलट पडलेत समजायचं, 54 चे 45 वगैरे. हे मला माझ्या सरांनी सांगितलेलं. तेच घाला कथेत.

जुनीकीर्द: सरांनी बरोबर सांगितलं, पण अर्धं. शेजारचे दोन आकडे उलटले तर फरक 9 च्या पाढ्यातला येतो, पण 9 गुणिले एकच आकडा आणि पुढे हवी तेवढी शून्यं. 54 चे 45 झाले तर 9, 5,400 चे 4,500 झाले तर 900. 398 त्यात बसत नाही. शिवाय फरकात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असल्या तर 9 ने भाग जाणं हा निव्वळ योगायोग असतो. आधी उघड्या ओळी बाजूला काढायच्या, मग उरलेल्या फरकावर असले ताळे लावायचे.

बाईंना कथा वाचवायची असेल तर एक सुचवतो. एका गिऱ्हाइकाने 1,850 ऑनलाइन थेट बँकेत पाठवले. दुकानात रोख आलीच नाही म्हणून त्या दिवशी रोजकीर्दीत काही लिहिलं नाही. महिनाअखेर अण्णांनी पासबुक छापून आणलं, त्यात ‘जमा’ दिसलं आणि त्यांनी तोच शब्द बघून बँकेच्या पानावर जमेकडे उतरवून टाकलं. असं होतं, फार होतं, थकलेला माणूस शब्द बघून उतरवतो.

अर्धीओळ: पण मग फरक 1,850 यायला हवा ना?

जुनीकीर्द: नाही, दुप्पट येतो. लिहिलंच नसतं तर 1,850 चा फरक आला असता. उलट बाजूला लिहिलं म्हणून 1,850 वाढायच्या ऐवजी कमी झाले, म्हणजे 3,700.

अर्धीओळ: पण माझा फरक 3,582 आहे.

जुनीकीर्द: तो तसाच ठेवा, उलट चांगलंय. बँकेने 118 कापलेत असं धरा, 100 चा चार्ज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, जो अण्णांनी वहीत धरला नाही. 3,700 तून 118 गेले की 3,582. मुलगी हुशार आहे, तिला कुठेतरी ऐकलेलं आठवतं की फरकाचं निम्मं करून ती रक्कम शोधावी. ती 3,582 चं निम्मं करते, 1,791. अशी रक्कम कुठेच नाही. इथे तिला रडकुंडीला आणा. मग तिला 118 ची उघडी ओळ दिसते, ती बाजूला काढल्यावर फरक 3,700 होतो, निम्मं 1,850.

दुपारचाचहा: पण 1,850 वर तिने आधी टिक मारलीच असेल ना? दोन्हीकडे आहे म्हणून.

जुनीकीर्द: हेच तर! रक्कम जुळली म्हणून टिक मारली, बाजू बघितलीच नाही. म्हणून ही चूक टिका मारून सापडत नाही. सगळ्या ओळींवर टिक आहे, एक 118 सोडून, आणि तरी शिल्लक जुळत नाही, असं झालं की बाजूचा संशय घ्यायचा. आणखी खात्री करायची तर गिऱ्हाइकाचं पान उघडायचं. तिथे 1,850 जमा आहेत, बरोबर आहे, त्याने दिलेत. पण एका व्यवहारात दोन्ही पानांवर जमा कसं येईल? एकीकडे जमा तर दुसरीकडे नावे पडायलाच हवं.

पेनगळतंय: आमच्या वडिलांच्या वहीत जमा डावीकडे असायचं आणि नावे उजवीकडे, आणि मला कॉमर्सला बरोब्बर उलटं शिकवलं, नावे डावीकडे. मी बरेच दिवस वडिलांना चुकीचे समजत होतो 🙈

जुनीकीर्द: वडील बरोबर होते, देशी नाम्यात जमा डावीकडेच. कॉलेजात शिकवतात ती इंग्रजी पद्धत. कथेतली मुलगी पण कॉलेजातली आहे, तिने नुसती डावी-उजवी बघून टिका मारल्या असतील तर अजूनच सोपं झालं बघा.

अर्धीओळ: पुन्हा लिहिलं. बघा आता:

“पेन्सिलीची टिक तिचीच होती, कालची. 1,850 इकडे, 1,850 तिकडे, म्हणून मारलेली. तिने पासबुकातला शब्द वाचला, मग वहीतला वाचला. दोन्हीकडे जमा. ती गिऱ्हाइकाच्या पानावर गेली. तिथेही जमा.
‘अण्णा, हे 1,850 तुम्ही पासबुकात बघून उतरवलेत का हो?’
अण्णांनी चष्मा वर केला. ‘बघूनच तर उतरवलंय. जसंच्या तसं.’
‘तेच झालंय.’
अण्णा वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली, खाली ठेवली आणि खिशातलं पेन काढलं. खोडलं नाही. खाली नवी ओळ घेतली आणि बँकेच्या नावे 3,700 मांडले.”

खुळखुळा: 3,700 का? 1,850 ना?

दुपारचाचहा: अरे वर वाच की. 1,850 चुकीचे काढायला आणि 1,850 बरोबर घालायला.

जुनीकीर्द: शेवट आवडला. न खोडता खाली फिरवून लिहिणं हे जुना दुकानदारच करणार. फक्त त्या ओळीसमोर ‘अमुक तारखेची चूक दुरुस्त’ एवढं त्याने लिहिलंच असतं, नुसते आकडे नसते मांडले. आणि 118 विसरू नका, ते बँकेच्या पानावर जमा आणि खर्चाच्या पानावर नावे पडतील, तेव्हा 46,930 येतील.

अर्धीओळ: घालते. आणि शीर्षक? ‘तूट’?

दुपारचाचहा: तूट नको. तूट म्हणजे कमी पडणं, गल्ल्यात पैसे कमी भरले की तूट. इथे पैसे बँकेत पूर्ण आहेत. ‘तफावत’ ठेव.

पेनगळतंय: तफावत फार सरकारी वाटतं, ऑडिटच्या पत्रासारखं. नुसतं ‘फरक’?

जुनीकीर्द: आम्ही तर “मेळ बसत नाही” एवढंच म्हणायचो. फरक, तफावत असलं कुणी म्हणत नव्हतं.

खुळखुळा: माझं मत अजून पण तूट. वहीत कमीच आहेत ना 3,582.

दुपारचाचहा: वहीत कमी आहेत, पैसे कमी नाहीत.

अर्धीओळ: सध्या ‘नावे’ ठेवतेय. उद्या बदलेन कदाचित.