मदत हवी आहे: दोन ट्रॅक शेवटाकडे सरकतात

लांबच्या पाहुण्यांची 50 मिनिटांची मुलाखत घेतली. दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर आपापला आवाज रेकॉर्ड केला. सुरुवातीची टाळी जुळवली की संवाद चोख बसतो. पण 25 व्या मिनिटाला त्यांचा ट्रॅक साधारण 0.15 सेकंद पुढे जातो, शेवटी 0.3. माझा प्रश्न संपायच्या आतच त्यांचं "हो ना" ऐकू येतं! फार खटकतं.

दोन्ही फाइल 48000 हर्ट्झच्याच आहेत. 44100 ची गल्लत असती तर फरक मिनिटांत गेला असता. म्हणजे दोन मशीनची घड्याळंच किंचित वेगळी चालतात, असं वाटतं.

त्यांचा ट्रॅक 0.01 टक्का ताणावा, की दर दहा मिनिटांनी शांत जागी कापून सरकवावा? ताणल्यावर आवाज बिघडतो का? कोणी केलंय का?