मदत हवी आहे: घरात ठेवलेला फोन रात्री सहा किलोमीटर लांब दिसतो

निशिगंधा_क:
माझ्या वडिलांना विस्मरणाचा त्रास आहे. मध्यंतरी ते पहाटे एकटेच बाहेर पडले होते, तेव्हापासून त्यांच्या अँड्रॉइड फोनचं लोकेशन मी माझ्या फोनवर घेते. एका ॲपमध्ये घराभोवती १०० मीटरचं कुंपण आखून ठेवलंय. ते ओलांडलं की मला सूचना येते.

नुकतंच आम्ही घर बदललं. नवं घर जुन्यापासून सरळ रेषेत साधारण ६ किलोमीटरवर आहे. आता रात्री-अपरात्री सूचना येते की बाबा कुंपणाबाहेर गेले. नकाशा उघडावा तर ठिपका थेट आमच्या जुन्या इमारतीवर! धावत त्यांच्या खोलीत जाते, तर बाबा शांत झोपलेले आणि फोन उशाशी. दिवसा ते गॅलरीत बसले की लोकेशन अगदी बरोबर येतं. ॲपमध्ये पत्ता बदललाय, फोन बंद करून परत सुरूही केलाय.

एक गोष्ट मला कळतच नाही. चुकीच्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळसुद्धा छोटंसंच असतं, म्हणजे फोनला आपण बरोबर असल्याची खात्रीच आहे. उद्या बाबा खरोखर बाहेर पडले आणि ती सूचना मी नेहमीची समजून सोडून दिली तर? हे नेमकं कशामुळे होतंय, कुणी सांगू शकेल का?

मोकळं_आभाळ:
ताई, घरात जीपीएस मिळत नाही हे याचं मूळ आहे. डोक्यावर स्लॅब असला की उपग्रह दिसत नाहीत. मग फोन मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज किलोमीटरमध्ये चुकतो. रात्री फोन खिडकीत ठेवा, प्रश्न सुटेल.

ध्रुवमत्स्य:
मोकळं_आभाळ, तुमचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, त्यांचा संदेश इथवर येतो तोच अत्यंत क्षीण होऊन, आणि काँक्रीटच्या स्लॅबमधून जाताना त्याची ताकद शंभरपट किंवा त्याहूनही कमी होते. आतल्या खोलीत फोनला उपग्रह जवळपास नाहीतच.

पण दोष टॉवरचा नाही. टॉवर चुकतो तेव्हा वर्तुळही मोठं येतं, काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत. लहान वर्तुळ आणि तेही नेमकं जुन्या इमारतीवर, हे टॉवरला जमणारच नाही. निशिगंधाताई, दोन गोष्टी सांगा. वायफायचा राउटर जुन्या घरातलाच आणलाय का? आणि नव्या घराच्या आसपास वस्ती कितपत आहे?

निशिगंधा_क:
हो, तोच आहे. घर मोठं असल्यामुळे तीन डब्यांचं मेश घेतलं होतं, ते तसंच उचलून आणलं. इमारत नवी आहे. आमच्या मजल्यावर अजून कुणी आलेलं नाही, खालीही दोनचार घरांतच दिवे दिसतात.

ध्रुवमत्स्य:
मग उलगडा झाला. जरा विस्ताराने लिहितो, कारण उपाय यातूनच निघतो.

प्रत्येक वायफाय राउटर आपला एक कायमचा क्रमांक सतत प्रसारित करत असतो. तुम्ही ठेवलेलं नाव वेगळं, हा क्रमांक वेगळा. रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनला त्या वेळी उपग्रह नीट मिळत असतात आणि तोच फोन आजूबाजूचे हे क्रमांकही ऐकतो. ‘अमुक जागी अमुक क्रमांक एवढ्या जोराने ऐकू आले’ ही जोडी लोकेशन सेवेच्या सर्व्हरवर जाते. अशा असंख्य नोंदींवरून प्रत्येक राउटरची जागा ठरते. पुढे कुठलाही फोन उपग्रहांशिवाय नुसती क्रमांकांची यादी पाठवतो आणि सर्व्हर त्याला सांगतो, तू इथे आहेस. दाट वस्तीत हे साधारण २० ते ५० मीटरपर्यंत बरोबर येतं, म्हणून वर्तुळ लहान.

तुमचे तीन डबे अजून जुन्या पत्त्यावरच नोंदलेले आहेत. एकच राउटर असता तर बहुधा एवढं झालं नसतं. गूगलच्या जिओलोकेशन सेवेत वायफायवरून जागा काढायला निदान दोन क्रमांक लागतात, ते अशाचसाठी: एखादा राउटर हलला असेल तर बाकीच्यांशी त्याचा मेळ बसत नाही आणि तो बाजूला पडतो. पण तुमचे तिन्ही डबे एकत्र हलले. त्यात प्रत्येक डबा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झसाठी वेगळा क्रमांक देतो. म्हणजे सहा साक्षीदार, सगळे एकाच घरातले, आणि सगळ्यांची जबानी तंतोतंत जुळणारी. त्यांना खोडून काढायला शेजारच्या घरांचे राउटर हवेत, ते अजून आलेलेच नाहीत.

सायकलवाला:
मलाही हाच त्रास आहे. उंच इमारतींमधून जाताना माझा मार्ग नकाशावर इमारतींच्या पोटातून गेलेला दिसतो. माझ्या सायकलीवर तर राउटर नाही! मग हे कसं?

ध्रुवमत्स्य:
तो वेगळा प्रकार आहे, सायकलवाला. तुमच्या बाबतीत उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून येतो. त्याला ४० मीटर जास्त चालावं लागलं, तर त्या उपग्रहाचं अंतर ४० मीटरने जास्त मोजलं जातं आणि ठिपका बाजूला सरकतो. त्याने काही दहा मीटर चुकतं, सहा किलोमीटर नाही. दोन वारंवारता घेणारा फोन असेल तर हा दोष बराच कमी होतो.

मोकळं_आभाळ:
राउटरचं पटलं. पण टॉवर तर नव्या घराजवळचाच दिसत असणार ना? मग फोन त्याचं का ऐकत नाही?

ध्रुवमत्स्य:
चांगला प्रश्न. उपग्रह, वायफाय आणि टॉवर यांचं मिश्रण करताना प्रत्येकाला त्याच्या खात्रीप्रमाणे वजन मिळतं, आणि हे वजन वर्तुळाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. आकडे घालून बघू. वायफाय म्हणतं, ‘जुनं घर, त्रिज्या २५ मीटर.’ टॉवर म्हणतो, ‘नव्या घराचा परिसर, त्रिज्या १५०० मीटर.’ टॉवरची त्रिज्या ६० पट, म्हणजे वजन ३६०० पटींनी कमी. सरळ सरासरी काढली तर ६००० मीटरच्या फरकातून टॉवर ठिपक्याला नव्या घराकडे जेमतेम पावणेदोन मीटर ओढू शकतो.

खरं तर इथे सरासरी काढायलाच नको. टॉवरच्या वर्तुळाच्या चौपट लांबचं उत्तर आलं तर यातलं कुणीतरी सपशेल चुकतंय असं धरायला हवं. काही वेळा तशी तपासणी होतेही. पण आत्ताच जोडलेल्या टॉवरची स्वतःची नोंद कच्ची असेल, तर वायफायच्या अशा एकमुखी उत्तरापुढे तो टिकत नाही.

दिवसा बरोबर येतं कारण गॅलरीत आकाश दिसतं. उपग्रहांवरून ५ ते १० मीटरचं उत्तर मिळालं की ते वायफायवर मात करतं. रात्री फोन स्थिर आणि स्क्रीन बंद असते, तेव्हा बॅटरी वाचवायला जीपीएस बहुतेक सुरूच केलं जात नाही. त्यामुळे खिडकीत ठेवूनही फरक पडेलच असं नाही.

खात्री करायची असेल तर रात्री तिन्ही डब्यांची वीज बंद करा, बाबांच्या फोनवर मोबाइल डेटा सुरू ठेवा आणि थोड्या वेळाने नकाशा बघा. वर्तुळ मोठं होऊन नव्या घराभोवती आलं तर निदान पक्कं. संगणकाला जोडून `adb shell dumpsys location` केलंत तर अधिक स्पष्ट दिसेल. तिथे `gps`, `network` आणि `fused` अशा वेगवेगळ्या ओळी येतात आणि `hAcc=` पुढे मीटरमधली त्रिज्या असते. जुनं घर `network` च्या ओळीत दिसलं पाहिजे.

मीनल_जो:
एवढं कशाला, बाबांच्या फोनचं वायफाय बंद करून टाका.

ध्रुवमत्स्य:
नुसतं तेवढं पुरत नाही. लोकेशनच्या सेटिंग्जमध्ये `Wi-Fi scanning` नावाचा वेगळा पर्याय असतो. तो चालू असेल तर वायफाय बंद असूनही फोन आजूबाजूचे क्रमांक ऐकतोच. दोन्ही बंद केलं तर घरात फक्त टॉवर उरेल आणि दीड किलोमीटरच्या वर्तुळावर १०० मीटरचं कुंपण सांभाळता येणार नाही.

निशिगंधा_क:
काल रात्री डबे बंद करून पाहिले. ठिपका जुन्या घरावरून उठला आणि मोठं वर्तुळ आमच्या नव्या भागाभोवती आलं. डबे सुरू केल्यावर काही वेळात परत जुनी इमारत! निदान कारण कळलं, खूप आधार वाटला. आता हे डबे नव्या पत्त्यावर नोंदवायचे कसे?

ध्रुवमत्स्य:
थेट अर्ज करायची सोय नसते, नोंद वापरातूनच बदलते. घरातल्या ज्यांच्या फोनवर लोकेशन आणि `Wi-Fi scanning` सुरू आहे, त्यांनी नकाशावर मार्गदर्शन चालू ठेवून इमारतीभोवती, गच्चीवर, आवारात फिरावं. उपग्रह नीट मिळताहेत आणि तुमचे डबेही ऐकू येताहेत अशा जागा हव्यात. बदल काही दिवसांतही होतो, काही आठवडेही लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे वायफायच्या नावाच्या शेवटी `_nomap` जोडायचं. मग हे डबे नकाशाच्या नोंदीतून वगळले जातात. नाव बदललं की घरातली सगळी उपकरणं नव्याने जोडावी लागतील.

मोकळं_आभाळ:
मी तर `_nomap` सुचवणार नाही. शेजारी राउटर नसताना स्वतःचे डबेही वगळले, तर घरात टॉवरशिवाय काही उरणारच नाही. म्हणजे मीनलताईंच्या उपायाचाच परिणाम.

ध्रुवमत्स्य:
मुद्दा रास्त आहे. तरी आत्ता जे मिळतंय ते ठामपणे चुकीचं आहे. मोठं वर्तुळ निदान आपली अनिश्चितता दाखवतं, आणि ॲप समजूतदार असेल तर एवढ्या मोठ्या वर्तुळावर सूचना देत नाही. ताईंचं ॲप कसं वागतं त्यावर हे ठरेल. मी आधी फिरण्याचा उपाय करून बघेन.

ताई, तोवर खरी सूचना ओळखायची खूण सांगतो. चुकीच्या वेळी ठिपका एका नोंदीत घरी असतो आणि पुढच्या नोंदीत थेट सहा किलोमीटरवर, मध्ये काहीच नाही. माणूस खरोखर चालत निघाला तर आधी घराजवळच २०० मीटर, मग ३००, असे रस्त्यावरचे ठिपके एकापाठोपाठ येतात. मिनिटाला ७०-८० मीटर हा चालण्याचा वेग आहे. म्हणून ठिपका जुन्या घराव्यतिरिक्त कुठेही दिसला, तर ती सूचना खरी धरा. ॲपमध्ये ‘बाहेर राहिल्यास ठरावीक वेळाने कळवा’ असा पर्याय असला तरी तो या रोगावर चालणार नाही, कारण चुकीचा ठिपका तासन्‌तास तिथेच बसून राहतो.

निशिगंधा_क:
पण बाबा खरंच जुन्या घराकडे निघाले तर? त्यांच्या बोलण्यात सारखं तेच घर असतं.

ध्रुवमत्स्य:
तरी वाटेतले ठिपके दिसतीलच, कारण रस्त्यावर आकाश मोकळं असतं. धोका एकच आहे: फोन घरी विसरून ते निघाले, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. त्यासाठी दाराला उघडल्यावर वाजणारा सेन्सर लावा. त्याचा लोकेशनशी संबंध नाही, त्यामुळे हा घोळ त्याला लागू होत नाही.

निशिगंधा_क:
दाराच्या सेन्सरचं आजच बघते. भाऊ आणि मी दोघांनी आवारात फेऱ्या मारायला सुरुवात केली आहे. ठिपका हलला की इथेच लिहीन.