प्रतिसाद: माणूस गेलेल्या घरी बोलताना

>> ‘आपलंही दुःख सांगितलं तर समोरच्याला एकटं वाटत नाही, मग माणसं का दुखावतात?’

कारण ऐकणाऱ्याची बाजूच बदलते. आमच्याकडे यवतमाळात शेजारच्या वहिनींच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला. तेराव्याच्या आत एक मावशी म्हणाल्या, “मले समजते माय तुह्यं दुःख, माहाही तापानं गेला.” वहिनी उठल्या आणि मावशींनाच पाणी देऊन त्यांची समजूत काढत बसल्या. मावशींच्या मनात खोट नव्हती, पण ताप आणि औषध यांत फार अंतर आहे. वहिनींच्या डोक्यात ‘सकाळी तो गप्प होता, मी विचारलं का नाही?’ हेच फिरत होतं. शिवाय तलाठ्याची चौकशी, कर्जाचे कागद, शेतकरी आत्महत्येचं प्रकरण मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हा घोर. पात्र ठरलं तरच सरकारचे 1 लाख मिळतात. ‘समजते’ म्हटल्यावर हे सांगायला जागाच उरत नाही. ‘तुला निदान पोरगा तरी आहे’ हे तर त्याहून वाईट; तिथं रडण्याचाही हिशेब मागितला जातो.

नंतर एका जावेनं एवढंच विचारलं, “भाऊजी त्या दिवशी जेवले होते का?” वहिनी तासभर बोलल्या. अनुभव सारखाच असेल तरी तो त्यांनी विचारल्यावर सांगावा.