अनुभव धागा: निवडणुकीआधीचे अंदाज कुठे गंडतात? नागपूरकरांनी सांगावं

सीताबर्डीचा वाचक (धागाकर्ता)

२०२४ मध्ये आपण दोन निकाल पाहिले. जूनमध्ये लोकसभेला राज्यात महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा. पाच महिन्यांनी विधानसभेला २८८ पैकी २३० च्या घरात महायुती. मतदानाआधी वाहिन्यांवर झळकलेले बहुतेक आकडे दोन्ही वेळा निकालापासून लांबच राहिले, आणि गंमत म्हणजे दोनदा उलट्या बाजूंनी. 'पैसे घेऊन आकडे देतात' हे आपण सगळे म्हणतो, काही ठिकाणी ते खरंही असेल. मला जाणून घ्यायचं आहे ते वेगळं: प्रामाणिकपणे केलेला सर्व्हे कुठे घसरतो? तुमच्या दारात कोणी आलं होतं का, तुम्ही कधी फॉर्म भरून घेतले का, आकडे जुळवले का? लिहा. एक्झिट पोल सध्या बाजूला ठेवू.

मानेवाडा_फिल्ड

भाऊ, मी कॉलेजात असताना दोन सीझन हेच काम केलं. मतदारयादीतून नावं काढून देत. बूथ ठरलेला, नाव ठरलेलं, त्याच माणसाला गाठायचं. कागदावर पद्धत एकदम चोख. पण बेसा-मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये गेलं की दुपारी कुलूप, संध्याकाळी गेटवरचा गार्ड आत सोडत नाही. नाव यादीत आहे, माणूस पुण्याला नोकरीला. मग बदली माणूस घ्यायची परवानगी असते. बदली कोण सापडणार? जो घरी असतो तो, नाहीतर पानठेल्यावर उभा असतो तो. ठेल्यावरचा माणूस बोलका असतो हो, पण तो काही शेजारच्या बंद फ्लॅटवाल्याच्या मनातलं सांगणार नाही!

आता खरी गोष्ट. आमच्या फॉर्मवर 'अजून ठरलं नाही' आणि 'सांगायचं नाही' या दोन्हींना एकच कोड होता, ९८. सुरुवातीला चार-पाच जणांत एक ९८ येऊन राहिला होता. सुपरवायझर म्हणाला, "एवढे ९८ चालत नाही, जरा खोदून विचारा." आम्ही खोदून विचारलं. समोरच्यानं जान सोडवायला जे नाव तोंडात आलं ते सांगितलं. ९८ कमी झाले, साहेब खूश.

खामल्याची सून

आमच्याकडे आले होते दोघं, टॅबलेट घेऊन. माझं नाव विचारत होते, उत्तर आमच्या सासऱ्यांनी दिलं, अगदी पक्षासकट. त्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अजून काही ठरवलं नाही बाबा." ठरवलं होतं. पक्कं ठरवलं होतं. पण सासरे खुर्चीत, दीर दारात, आणि गल्लीतला कार्यकर्ता गाडीला टेकून उभा. तिथे कोण बोलणार? नंतर भिशीला विषय निघाला तर आणखी दोघींनीही हेच केलं होतं. दोघींचं मत मात्र माझ्यापेक्षा वेगळं, हेही सांगते, नाहीतर कोणी म्हणेल सगळ्या लपणाऱ्या एकाच पक्षाच्या.

रेशीमबागेतला

एवढा विचार काहून करता राजेहो? साडेबारा कोटींच्या राज्यात दीड-दोन हजार लोकांना विचारतात. इथेच सगळं संपलं. दहा लाखांना विचारा, मग पाहा.

निवृत्त_सांख्यिकी

अनेक वर्षं विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवलं आणि मधल्या काळात एका सर्वेक्षण संस्थेसाठी आकडे तपासून दिले, म्हणून लिहितो.

रेशीमबागवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. नमुना नीट निवडला असेल तर दीड हजारांत चूक साधारण अडीच टक्के इकडे-तिकडे राहते, मग राज्य केवढंही असो. आता लोकसभा २०२४ आठवा. राज्यातल्या दोन्ही आघाड्यांच्या मतांतलं अंतर एक टक्काही नव्हतं, आणि जागा ३० विरुद्ध १७! तेवढं अंतर दीड हजारांत दिसतच नाही. त्यातून जागा काढायच्या म्हणजे मतदारसंघामागे वाट्याला येतात तीसेक माणसं. जागांचा आकडा टीव्हीवर मोठ्या अक्षरांत येतो, तो या तीस माणसांवर नाही तर मागच्या निकालातली मतं नव्या टक्केवारीप्रमाणे इकडून तिकडे सरकवून काढलेला असतो. पण दहा लाखांना विचारलं आणि ते दहा लाख सगळे ठेल्यावरचेच असले, तर चूक तशीच राहील, फक्त आपण तिच्यावर जास्त विश्वास ठेवू.

आता ९८ चं काय होतं ते दाखवतो. आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या सर्व्हेचे नाहीत.

एका शहरी मतदारसंघात १००० जणांना विचारलं. 'अ' पक्ष ४००, 'ब' पक्ष ३७०, इतर ८०, आणि ९८ वाले १५०. वाहिनीला ९८ दाखवायचे नसतात, कारण प्रेक्षकाला पूर्ण शंभर टक्के हवे असतात. म्हणून ते १५० गाळून उरलेल्या ८५० वर टक्केवारी काढतात. 'अ' ४७, 'ब' साडेत्रेचाळीस. साडेतीन टक्क्यांची आघाडी, बातमी तयार.

गाळलं म्हणजे काय केलं? हे १५० जणही ८५० सारखंच मत देतील असं गृहीत धरलं. आता खामल्याच्या ताईंसारख्यांचा विचार करा. समजा या १५० पैकी ५० जण घरीच बसले. उरलेल्या १०० पैकी ६० 'ब' कडे, ३० 'अ' कडे, १० इतरांकडे गेले. 'अ' ४३०, 'ब' ४३०. आघाडी संपली, आणि एकाही माणसाने खोटं नाव सांगितलेलं नाही.

मानेवाडा_फिल्ड

सर, आणि ज्यांनी आम्ही खोदल्यावर नाव सांगितलं ते? ते तर ४०० मध्ये गेले ना.

निवृत्त_सांख्यिकी

हो, आणि तेच जास्त त्रासाचे, कारण मग ते मला दिसतच नाहीत. म्हणून 'ठरलं नाही' आणि 'सांगायचं नाही' यांचे कोड वेगळे हवेत. खोदून मिळालेलं उत्तर 'कल' म्हणून तिसऱ्या रकान्यात जायला हवं. अहवाल हातात आला की मी आधी तेच पाहतो. मतदानाच्या तीन आठवडे आधीच्या सर्व्हेत ९८ फक्त तीन-चार टक्के असतील, तर फिल्डवर कोणीतरी फार खोदलं आहे असं समजावं. आणि बायकांमधले ९८ पुरुषांपेक्षा बरेच जास्त असतील, तर सासरे खुर्चीत होते.

चिठ्ठी-पेटीची पद्धत यासाठीच आहे. नकली मतपत्रिका द्यायची, माणसाने खूण करून बंद डब्यात टाकायची. मुलाखत घेणाऱ्यालाही दिसत नाही. लोकनीती या सर्वेक्षण संस्थेचे लोक हे वर्षानुवर्षं करतात. पण वेळ लागतो, डबा सांभाळावा लागतो, आणि फोनवरच्या सर्व्हेत तर डबा येणार कुठून?

प्रतापनगर_७०+

मला तर यादीतच नाव सापडलं नाही. त्याच घरात इतकी वर्षं राहतोय, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या थोरल्या भावाचं नाव मात्र व्यवस्थित. स्लिपसुद्धा आली त्यांची. एप्रिलच्या उन्हात दोन बूथ फिरलो. यावर कोणी बोलत नाही.

सीताबर्डीचा वाचक

काका, वाईट झालं. पण इथे विषय अंदाजांचा आहे.

निवृत्त_सांख्यिकी

नाही, काकांचा मुद्दा इथलाच आहे. यादीत वारलेले, स्थलांतरित आणि दोन ठिकाणी नोंद असलेले असतील, तर टक्केवारीचा भाजकच फुगतो. नागपूर लोकसभेला २०२४ मध्ये मतदान झालं ५४ टक्क्यांच्या आसपास. जिवंत आणि शहरात राहणाऱ्यांचं खरं प्रमाण त्याहून जास्त असणार, किती ते यादी स्वच्छ झाल्याशिवाय सांगता येत नाही. सर्व्हेवाल्याला मात्र ठरवावं लागतं की माझ्या हजारांतले कोणते जातील. विचारावं तर जवळजवळ सगळेच म्हणतात, "जाणार ना, मतदान केलंच पाहिजे." मागच्या वेळी गेला होतात का, यावरही तेच. ही उत्तरं खरी असती तर नागपुरात मतदान ५४ टक्क्यांवर थांबलंच नसतं.

वरचंच उदाहरण पुढे नेतो. दोघेही ४३० वर बरोबरीत. 'अ' चा बराच मतदार उंच इमारतींतला, जोडून सुट्टी आली की गावाबाहेर. त्याचं मतदान ५० टक्के. 'ब' चा मतदार वस्तीतला, सकाळीच रांगेत. त्याचं ५८. आता 'अ' ला २१५ मतं आणि 'ब' ला २४९. इतरांचे ९० पैकी ४९ गेले असं धरलं तर 'अ' ४२ टक्के, 'ब' साडेअठ्ठेचाळीस. साडेतीनने पुढे असलेला सहाहून जास्त टक्क्यांनी मागे पडला. कोणाचंही मत बदललेलं नाही.

इतवारी_व्यापारी

भल्ला हिशेब केला सर. पण आमच्याकडे शेवटच्या दोन रात्रींत जे होतं ते यात कुठे आहे? प्रचार थांबल्यावर खरी निवडणूक सुरू होते. विधानसभेला पाहा, लाडक्या बहिणीचे हप्ते दिवाळीच्या आधीच खात्यात जमा. ऑगस्टात विचारलेला सर्व्हे नोव्हेंबरात काय कामाचा?

निवृत्त_सांख्यिकी

ऑगस्टचा खरंच कामाचा नाही. पण 'शेवटच्या क्षणी वारं फिरलं' हे संस्थांचं आवडतं कारण आहे, कारण त्यात त्यांचा दोष उरत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनचे सगळे सर्व्हे चुकले तेव्हा चौकशी समिती नेमली. आधी विचारलेल्या लोकांनाच निकालानंतर पुन्हा विचारलेलं होतं, ते तिने तपासलं. मत बदलणारे फार निघाले नाहीत, मूळ नमुनाच बिघडलेला होता. उलट २०१६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत शेवटच्या आठवड्यात ठरवणारे खरंच मोठ्या संख्येने एका बाजूला गेले. आणि त्याच निवडणुकीत अनेक राज्यांच्या सर्व्हेंनी कमी शिकलेल्या मतदाराला पुरेसं वजन दिलं नव्हतं, हेही आढळलं. म्हणजे दोन्ही एकदम. त्याच माणसाला पुन्हा विचारल्याशिवाय वारं फिरलं की आपण आधीच चुकीच्या माणसाला विचारलं, हे वेगळं करता येत नाही.

इतवारी_व्यापारी

म्हणजे विधानसभेला हप्त्यांनी फरक पडला नाही म्हणता?

निवृत्त_सांख्यिकी

तसं मी म्हटलेलं नाही. राज्यातलं मतदान २०१९ च्या ६१ वरून ६६ टक्क्यांवर गेलं, बायकांचंही वाढलं. आधी घरी बसणाऱ्या बाहेर पडल्या की आधी दुसरीकडे देणाऱ्या वळल्या, हे एकूण आकड्यातून कळत नाही. पहिलं असेल तर ती मतदानाच्या अंदाजाची चूक, दुसरं असेल तर तुमचं वारं.

खामल्याची सून

सर, आमच्या भिशीत दोन्ही प्रकारच्या आहेत.

रेशीमबागेतला

तरी मी म्हणतो नमुना मोठा पाहिजे. निदान मतदारसंघामागे पाचशे तरी.

मानेवाडा_फिल्ड

पाचशे करा, पण एका माणसाला एका दिवसात किती फॉर्म लावता ते आधी सांगा. टार्गेट वाढलं की पोरं घरी बसून फॉर्म भरतात, मी पाहिलं आहे. एका पठ्ठ्यानं तर एकाच बिल्डिंगच्या सगळ्या घरांत वय पस्तीसच टाकलं होतं. फोन करून पडताळणी केली म्हणून सापडला. ज्यांची पडताळणी होत नाही त्यांचं तुम्हीच पाहा.